सकाळी साडेसात की रात्री नऊ

फोटो टाकायचा तो रात्री नऊलाच, याबद्दल दोन वर्षं माझ्या मनात शंकाच नव्हती.

जुन्या नाशकातल्या दारांचे फोटो मी काढते. सराफ बाजार, तिवंधा, भांडी बाजार या भागात अजून बरेच वाडे तग धरून आहेत. त्यांच्या कड्या, कोयंडे, झिजलेले उंबरे, चौकटीवरची गणेशपट्टी हा माझा विषय. इन्स्टाग्रामवर तेवीसशे फॉलोअर्स आहेत. फार नाहीत, पण दारं बघायला तेवीसशे माणसं हे मला तरी पुष्कळ वाटतं.

नऊची वेळ डोक्यात बसली ती एका कार्यशाळेत. शिकवणारा मुलगा म्हणाला होता, "ताई, नऊ म्हणजे प्राइम टाइम. जेवण झालेलं असतं, फोन हातात असतो." घरी येऊन इनसाइट्स उघडलं. आपले फॉलोअर्स दिवसाच्या कुठल्या वेळी इन्स्टावर असतात त्याचे खांब तिथे दिसतात, आणि माझा सगळ्यात उंच खांब खरोखरच नऊचा होता. वर माझ्याच जुन्या पोस्ट साक्षीला. सहा महिन्यांच्या पोस्ट मी एका शीटमध्ये उतरवल्या, तर रात्रीच्या पोस्टचा सरासरी रीच सकाळच्या जवळजवळ दुप्पट निघाला. रीच म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोचली तो आकडा. एकाच माणसाने तीनदा बघितली तरी तो एकच धरायचा.

हे शीट मोठ्या अभिमानाने आत्याला दाखवायला पंचवटीत गेले. आत्या आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेली. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला आणि विचारलं, "सकाळी कुठले फोटो टाकलेस गं?"

"हेच. दारांचे."

"तसं नाही. कधी काढलेले, किती वेळ बसून नीट केलेले?"

मी एकेक पोस्ट उघडून बघू लागले आणि माझा चेहरा उतरत गेला. सकाळच्या पोस्ट म्हणजे कामावर जाता जाता काढलेले फोटो, ओळभर मजकूर, टाकले आणि निघाले. रात्रीच्या पोस्ट म्हणजे रविवारी दुपारी निवांत बसून उजेड-सावली सुधारलेले, वाड्याबद्दल चार ओळी विचारून-लिहून तयार ठेवलेले फोटो. चांगला माल मी रात्रीसाठी राखून ठेवत होते, आणि त्याचं श्रेय घड्याळाला देत होते.

आत्याने माझ्या आतेभावाच्या निफाडकडच्या द्राक्षबागेचं उदाहरण दिलं. नवं खत विहिरीजवळच्या ओळींना घातलं, जुनं बांधाकडच्या ओळींना. विहिरीजवळची द्राक्षं टपोरी निघाली. खतामुळे की पाण्यामुळे? हे शीटमध्ये कितीही बघत बसलं तरी कळणार नाही, कारण दोन्ही गोष्टी कायम जोडीने आल्या आहेत. संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला, तेव्हा त्याच्यापुढे ढीगभर जुन्या नोंदी होत्या आणि अडचण हीच होती, असं ती म्हणाली. त्याने काढलेला मार्ग असा, की कुठल्या वाफ्याला कुठलं खत जाईल हे माणसाने ठरवायचंच नाही. चिठ्ठी टाकायची.

"तूही नाणं उडव," आत्या म्हणाली. "फोटो तयार झाल्यावर. आधी नाही."

तेव्हा ठरलं ते इतकंच. दर आठवड्याला दोन फोटो. दोन्ही शक्य तितके सारखे, म्हणजे माणूस असेल तर दोन्हींत, नुसती कडी असेल तर दोन्हींत. मजकूरही दोन्हींचा रविवारीच लिहून संपवायचा, नंतर शब्द बदलायचा नाही. मग दहा रुपयांचं नाणं दोनदा उडवायचं. पहिल्या वेळी ठरायचं यातला कुठला फोटो सकाळी साडेसातला जाणार आणि कुठला रात्री नऊला. दुसऱ्या वेळी ठरायचं मंगळवारी सकाळ आणि गुरुवारी रात्र, की उलट. वार ठरवायलाही नाणं लागतं, नाहीतर सगळ्या सकाळी मंगळवारच्या निघतात आणि पुन्हा विहिरीजवळच्या ओळी. मध्ये बुधवार मोकळा, म्हणजे एका पोस्टची गर्दी दुसरीच्या अंगावर येत नाही. रील या काळात टाकायचेच नाहीत. रील अनोळखी माणसांपुढे फार जातं, त्याचे आकडे फोटोंच्या शेजारी ठेवले तर बाकीचं काही दिसेनासं होतं.

नाणं मला सुरुवातीला जरा पोरकट वाटलं. शीटमध्ये =RANDBETWEEN(0,1) आहे की, तेच वापरू म्हटलं. सोळा ओळी भरल्या, शून्य म्हणजे सकाळ, एक म्हणजे रात्र. शेजारच्या रकान्यात फोटोचं नाव लिहिलं, एंटर दाबलं, आणि सोळाच्या सोळा खाने पुन्हा नव्याने भरले गेले, निम्मेअर्धे आकडे उलटले. हे सूत्र शीटमध्ये काहीही लिहिलं की पुन्हा नव्याने फासे टाकतं. त्यावर उपाय आहे, आकडे कॉपी करून Ctrl+Shift+V ने नुसती किंमत चिकटवायची, मग ते हलत नाहीत. पण त्यापेक्षा वाईट गोष्ट मला माझ्याबद्दल कळली. माझ्या आवडत्या कडीला "सकाळ" आलं, तेव्हा मी उगाचच एका रिकाम्या खान्यात टिंब देऊन एंटर दाबलं. "रात्र" आलं. मग थांबले. नाणं ओट्यावर आईसमोर उडवायचं, हे त्या दिवशी ठरलं.

पहिले दोन आठवडे वाया गेले. मी आकडे दर रविवारी एकदम उतरवत होते, सोयीचं म्हणून. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं की सकाळ असो की रात्र, मंगळवारची पोस्ट गुरुवारच्या पुढेच आहे. कारण अगदी साधं होतं. रविवारपर्यंत मंगळवारच्या पोस्टला पाच दिवस मिळत होते आणि गुरुवारच्या पोस्टला तीन. मोठ्या भावाची आणि धाकट्याची उंची एकाच दिवशी मोजून धाकटा खुजा आहे म्हणण्यातला प्रकार. त्या चार ओळी दुसऱ्या टॅबमध्ये टाकल्या आणि नवा नियम केला. प्रत्येक पोस्टचा आकडा तिच्या वयाच्या बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी घ्यायचा. सकाळची साडेसातला, रात्रीची नऊला. फोनमध्ये गजर लावले. आत्या म्हणाली, पहिल्या तासाचाही आकडा घे, कागद फुकट आहे. तो रकाना मी तिच्या समाधानासाठी घातला होता.

सहाव्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं.

नाशिकबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे गोदावरीचा पूर क्युसेकमध्ये मोजतात तो पेपरात. माणसं मोजतात ती दुतोंड्या मारुतीवर. रामकुंडाजवळ पात्रातच ही उंच मूर्ती आहे. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला आलं, कंबरेला आलं, असं एकमेकांना फोन करून सांगतात. त्या बुधवारी दुपारी पाणी कंबरेला होतं. मी दारं-बिरं विसरले, ऑफिसातून तडक घाटावर गेले, फोटो काढला आणि भिजत उभ्या उभ्या टाकला. वेळ दुपारी तीन वाजून काही मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्याचा रीच नऊ हजारांच्या पुढे गेला होता, आणि गुरुवारी रात्री नऊला नाण्याप्रमाणे टाकलेल्या साध्या कोयंड्याला एकोणीसशे मिळाले. त्याचा मंगळवारच्या सकाळचा जोडीदार होता पाचशे ऐंशीवर.

मला ती जोडी ठेवायची होती. किती सुंदर दिसत होती!

"ठेव की," आत्या म्हणाली. "पण हाच फोटो सकाळचा असता आणि सकाळ जिंकली असती, तर ठेवली असतीस?"

नसती ठेवली. काहीतरी कारण काढून वगळली असती. दोन पोस्टच्या मध्ये तिसरी पोस्ट आली तर ती जोडी बाद, कोणीही जिंकलेलं असो, असा नियम मी शीटच्या पहिल्या ओळीत लिहिला. हा नियम सुरुवातीलाच असायला हवा होता. आकडे बघून झाल्यावर केलेला नियम थोडा डागाळलेलाच असतो. जोडी बाद केली आणि शेवटी एक आठवडा वाढवला. (पुराच्या फोटोने तीनेकशे नवे फॉलोअर्सही आणले. पुढच्या आठवड्यातल्या दारांपाशी त्यातलं कोणी थांबल्याचं दिसलं नाही.)

गणपतीच्या आधी आठ जोड्या पूर्ण झाल्या. त्या इथे मांडते, कारण गंमत त्यांतच आहे. आधी सकाळ, मग रात्र, दोन्ही अठ्ठेचाळीस तासांचे आकडे. ६१२ आणि ७८०. ९०५ आणि ६४०. ५४० आणि ६९८. ५८८ आणि ७३१. ८३० आणि ९०२. ४९५ आणि ६१०. १,१४० आणि ७०२. ६६७ आणि ६९०.

मी आधी सरासरी काढली. सकाळ ७२२, रात्र ७१९. म्हणजे काहीच फरक नाही, उलट सकाळच तीनने पुढे! मग आत्याने मध्यक काढायला लावला, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, आणि आठ आकड्यांसारखे मधले दोन आले तर त्या दोघांच्या मधोमधचा:

```
=MEDIAN(FILTER(F2:F17, D2:D17="रात्र"))
```

D मध्ये वेळ, F मध्ये रीच. रात्रीचा मध्यक ७००, आणि सूत्रात "सकाळ" घातलं की ६३९.५. आता रात्र साठने पुढे. आणि नुसत्या जोड्या मोजल्या तर आठांपैकी सहा वेळा रात्र जिंकलेली. एकाच शीटमधून तीन उत्तरं निघाली, आणि मला कुठलं आवडत होतं हे सांगायला नकोच.

सरासरीला ओढणारा आकडा उघड दिसतो, तो १,१४०. भांडी बाजारातल्या एका दाराची पितळी कडी. त्या फोटोखाली एका बाईंनी लिहिलं होतं, हे आमच्या आजोळचं दार आहे, आणि मग त्यांच्या गोतावळ्यात तो फोटो हातोहात फिरला. इनसाइट्समध्ये रीच फॉलोअर्स आणि फॉलोअर नसलेले असा वेगवेगळा बघता येतो. या फोटोच्या बाबतीत निम्म्याहून जास्त माणसं मला फॉलोच करत नव्हती. त्यांना माझी वेळ काय माहीत? एक आजोळ सापडलं आणि साडेसात की नऊ हा प्रश्न त्या पोस्टपुरता संपला. असे एखाद-दोन उंच आकडे प्रत्येकाच्या शीटमध्ये असतात, म्हणून सरासरीवर भरवसा ठेवू नये. ते आकडे काढूनही टाकू नयेत. मध्यक घेतला की ते आपले आपण वरच्या टोकाला एका जागेपुरते उरतात.

राहता राहिलं सहा विरुद्ध दोन. हे मात्र मला पटण्याजोगं वाटत होतं. आत्याने वहीचं मागचं पान काढलं. समजा वेळेचा काहीही परिणाम नाही. मग प्रत्येक जोडीत रात्र जिंकणं म्हणजे नुसता छापा पडणं. नाणं आठ वेळा उडवलं तर छापा-काट्याचे २५६ वेगवेगळे क्रम होतात. त्यांपैकी बरोबर सहा छापे येणारे २८, सात येणारे ८, आठही येणारा १. एकूण ३७. म्हणजे साधारण सातात एकदा, काहीही कारण नसताना, रात्र सहा किंवा जास्त वेळा जिंकलेली दिसेल. आणि सकाळ सहा वेळा जिंकली असती तरी मी असाच निष्कर्ष काढायला धावले असते, तेव्हा दोन्ही बाजू धरल्या तर साडेतीनात एकदा.

"साडेतीनात एकदा," आत्या म्हणाली. "एवढ्यावर तू गजर बदलणार?"

मला जे सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच होतं. माझ्या आठ सकाळच्या पोस्टमध्येच, एकाच वेळेच्या, आपापसात ४९५ पासून १,१४० पर्यंत फरक होता. रात्रीच्या आठांमध्ये ६१० ते ९०२. वेळ तीच, खातं तेच, आणि तरी एवढी दरी. जो फरक मी शोधत होते तो साठेकचा. बाजारातल्या गोंगाटात घड्याळाची टिकटिक ऐकायला मी कान लावून बसले होते. ती टिकटिक नाहीच असं आठ जोड्या सांगू शकत नाहीत. असली तर ती या गोंगाटापेक्षा बारीक आहे, एवढंच त्यांवरून म्हणता येतं. आणि फॉलोअर्सच्या जागेपणाचा तो नऊचा उंच खांब? त्या वेळी माणसं जास्त असतात हे खरं, पण त्या कार्यशाळेला बसलेले आम्ही सगळेच नऊला फोटो टाकतो, हे तो खांब सांगत नाही.

मग आत्याने तो फुकटचा रकाना उघडला.

पहिल्या तासाच्या नोंदी सातच जोड्यांच्या होत्या. एका सकाळी गजर वाजला तेव्हा मी सीबीएसच्या सिग्नलवर पावसात अडकले होते, तो खाना रिकामा ठेवला. अंदाजाने भरला असता तर तो माझ्या मनासारखाच भरला असता. त्या सातही जोड्यांत रात्र पुढे होती, आणि थोडीथोडकी नाही. पहिल्या जोडीत एका तासात सकाळी ६४, रात्री १७१. बाकीच्याही तशाच, रात्र दुप्पट-अडीचपट. सात वेळा नाणं उडवून सातही छापे पडणं म्हणजे १२८ मध्ये एकदा. इथे टिकटिक नव्हती, चांगले टोले पडत होते.

ती आजोळची कडी बघा. पहिल्या तासात तिला ७१ माणसं मिळाली होती. तिच्या जोडीच्या रात्रीच्या फोटोला त्याच वेळात १५८. अठ्ठेचाळीस तासांनी ७१ वाली होती १,१४० वर आणि १५८ वाली ७०२ वर.

नऊचा महिमा का पसरला असावा याचा माझ्यापुरता उलगडा मला इथे झाला. आपण पोस्ट टाकतो आणि तासभर फोन सोडत नाही. तेवढ्या तासात नऊ वाजता खरोखरच आकडा भराभरा चढतो, सकाळी तो रांगतो, आणि आपलं मत तिथेच तयार होतं. दोन दिवसांनी परत जाऊन जोडी लावून कोण बघतंय? इन्स्टाग्रामने २०१६ साली पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवणं सोडलं आणि कुणाला काय आवडेल याच्या अंदाजाने लावायला सुरुवात केली. तेव्हापासून सकाळची पोस्ट रात्री नऊला फोन उघडणाऱ्यालाही दिसू शकते, दुसऱ्या दिवशीही दिसू शकते. ताजेपणाला अजून किंमत आहे, पण ती बऱ्याच गोष्टींतली एक. माझ्या दारांच्या बाबतीत रात्र लवकर पोचवते; लांबवर पोचवते असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पुराचं पाणी दाखवायचं असेल, किंवा आज रात्रीपुरतं काही विकायचं असेल, तर पहिला तास म्हणजे सगळं काही. शंभर-दीडशे वर्षांच्या उंबऱ्याला कसली घाई?

हे सगळं तेवीसशे फॉलोअर्सच्या, एका गावच्या, एका विषयाच्या खात्याचं आहे. ज्याचे निम्मे फॉलोअर्स अमेरिकेत आहेत त्याचं शीट वेगळं बोलेल.

फॉलोअर्सचा रीच तेवढा वेगळा काढून पुन्हा जोड्या लावाव्यात, हा मोह मला लगेच झाला. आजोळची भानगड त्यातून आपोआप निघून जाते. लावूनही बघितल्या, काय दिसलं ते सांगत नाही, कारण त्याच आकड्यांना चौथ्यांदा प्रश्न विचारला की ते कंटाळून हो म्हणतात, असं आत्याचं मत आहे. तो प्रश्न नव्या फेरीसाठी ठेवला. या वेळी बारा जोड्या. मोजायचा फक्त फॉलोअर्सचा रीच, अठ्ठेचाळीस तासांनी, आणि तुलना मध्यकाची. मधल्या पोस्टचा नियम पहिल्या ओळीत, पहिला फोटो टाकायच्या आधी लिहिलेला.

रविवारी नाणं उडवलं. तिवंध्यातल्या एका वाड्याची दिंडी, मला फार आवडलेली, हिला आली सकाळ. आई म्हणाली, परत उडव, खाली पडलं ते धरायचं नसतं. मी नाही उडवलं. मंगळवारी साडेसातला दिंडी टाकली, स्कूटर काढली. साडेआठचा गजर वाजला तेव्हा होळकर पुलावर होते. पूल ओलांडून कडेला थांबले, हातमोजा काढला, फोन पुसला. अठ्ठावन्न. तेवढं शीटमध्ये लिहिलं आणि निघाले.